‘पिल्लूला बरं नाहीये, काय देऊ?’ : अर्ध्या प्रश्नाची दुरुस्ती

कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं फोन उचलते आहे. मी डॉक्टर नाही. केसपेपर लिहिणं, टेबलावर प्राणी धरणं, सलाईनची बाटली बदलणं आणि रात्री दवाखान्याच्या मोबाईलवर आलेले निरोप वाचणं ही माझी कामं. या नऊ वर्षांत एकच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता निरोप उघडायच्या आधीच अंदाज येतो. बिघाड प्राण्यात असतोच, पण त्याआधी तो प्रश्नात असतो. प्रश्न नीट झाला की निम्म्या वेळा पुढचा मार्ग आपोआप दिसतो, आणि उरलेल्या वेळा निदान किती घाई करायची ते कळतं.

लक्षणं अशी. निरोप एका ओळीचा असतो. त्यात प्राण्याचं नाव असतं, पण प्राणी कोणता ते नसतं. ‘सुस्त आहे’, ‘बरं नाही’, ‘नाटकं करतोय’ असा एखादा शब्द असतो. शेवटी ‘काय देऊ?’ किंवा ‘गोळी सांगा’. सोबत फोटो असलाच तर तो अंधारातला, पांघरुणाखालचा. उत्तरादाखल आपण काही विचारलं की पलीकडून ‘अहो, आधी औषध सांगा ना’ असं येतं. यातली तीन लक्षणं एकत्र दिसली तर खालच्या तपासण्या क्रमाने करायच्या. क्रम स्वस्ताकडून महागाकडे आहे. पहिल्या तपासणीला दोन सेकंद लागतात, शेवटचीला घरातल्या सगळ्यांना उठवावं लागतं.

गेल्या पावसाळ्यातला एक निरोप घेते, म्हणजे सगळं एका जागी दिसेल. रात्री नऊ चाळीसला एका मुलीकडून आला होता : ‘ताई पिल्लूला बरं नाहीये, सकाळपासून सुस्त आहे, काय देऊ?’ फोटोत करडी चादर आणि तिच्याखाली उंचवटा.

पहिली तपासणी : प्राणी कोणता?

मराठीत ‘पिल्लू’ हा शब्द कुणालाही चालतो. कुत्र्याचं पिल्लू, मांजराचं पिल्लू, सशाचं, पोपटाचं, कोंबडीचं. पण या निरोपात ‘पिल्लाला’ नव्हतं, ‘पिल्लूला’ होतं. शब्दाचं रूप बदललं नाही की समजायचं, हे नाव आहे. आणि ज्याचं नाव पिल्लू तो लहान असेलच असं नाही. आमच्याकडे अडतीस किलोचा एक पिल्लू येतो, टेबलावर चढवायला दोन माणसं लागतात. मी विचारलं, ‘अगं, पिल्लू म्हणजे कोण?’ उत्तर आलं, ‘बोका.’

हा एक शब्द एवढा महत्त्वाचा का, ते थर्मामीटरवरून सांगते. माणसाचं नेहमीचं तापमान ९८.४ फॅरनहाईटच्या आसपास धरतात. कुत्र्या-मांजराचं साधारण १०१ ते १०२.५ असतं. म्हणजे आपल्या हाताला धडधाकट मांजरही गरम लागतं, आणि घरचा थर्मामीटर लावून कुणी १०१.५ वाचलं तर त्याला तो ताप वाटतो. मग औषधांच्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी निघते. मांजराच्या यकृतात ते औषध निष्प्रभ करणारी यंत्रणा फार तोकडी असते. त्यामुळे त्यातून तयार झालेला विषारी अंश थेट रक्तातल्या तांबड्या पेशींवर जातो, रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या गुलाबीच्या तपकिरी-करड्या होतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजरालाही मारू शकते, अर्धीनेही जीव जाऊ शकतो. ताप नव्हताच, आणि त्यावरच्या औषधाने प्राणी गेला, अशी केस मी टेबलाजवळ उभी राहून पाहिली आहे. गोळी देणारे आजोबा नंतर दोन तास बाकावरून उठले नव्हते.

गोचिडांच्या औषधाचंही तेच. मानेवर थेंब टाकायची जी औषधं कुत्र्यासाठी मिळतात, त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला त्याने थरथर आणि झटके सुरू होतात. घरात दोन्ही प्राणी असतील आणि ‘उरलेलं हिलाही लावलं’ असं ऐकू आलं, तर मी पुढचं काही विचारत नाही, रिक्षा करायला सांगते.

ससा असेल तर हिशेब पुन्हा वेगळा. कुत्रा एक वेळ जेवला नाही तर वाट बघता येते. ससा बारा तास काही खात नसेल आणि लेंड्याही टाकत नसेल, तर त्याचं आतडं थांबत आलेलं असतं, आणि ती घाईचीच केस असते. पक्षी तर आजार लपवण्यात पटाईत. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला बजरीगर ‘आजच आजारी पडला’ असं वाटतं, पण तो बहुधा आठवडाभर आजारी असतो. शेळी-गाय असेल तर आमचा दवाखाना कामाचा नाही. त्यांनी गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ हा नंबर फिरवावा.

दुसरी तपासणी : वय, वजन, नर की मादी

हीही फुकट, फक्त घरात वजनकाटा लागतो. प्राण्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं, दोन आकड्यांची वजाबाकी करायची. अंदाजे वजन सांगू नका. ‘पाच-सहा किलो असेल’ म्हणून सांगितलेलं मांजर आमच्या काट्यावर तीन किलो दोनशे ग्रॅम निघालं आहे.

वय का लागतं? कारण उलटी-जुलाब हे शब्द सहा आठवड्यांच्या पिल्लाला आणि सहा वर्षांच्या कुत्र्याला सारखेच लावतात, पण त्यांचा अर्थ सारखा नसतो. सहा आठवडे ते सहा महिने या वयातलं, लसी पूर्ण न झालेलं कुत्र्याचं पिल्लू ओकतंय आणि पातळ, घाण वासाची, रक्ताची शी करतंय, तर दवाखान्यात सगळ्यात आधी पार्व्हो या विषाणूच्या आजाराचा विचार होतो. त्याला घरी दही-भात देऊन सकाळची वाट बघायची नसते. अंगातलं पाणी इतक्या वेगाने जातं की दोन दिवसांत खेळ संपू शकतो. तेच मोठ्या, लसीकरण झालेल्या कुत्र्याने एकदा गवत खाऊन ओकलं आणि लगेच चेंडूमागे पळाला, तर त्याला तसाच पळू द्यावा.

लसीबद्दल एक सांगते, कारण इथे हमखास चुकीचं उत्तर येतं. ‘लस झालीये’ म्हणजे बहुतेकांच्या मनात एक इंजेक्शन असतं. पिल्लाचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यायचे असतात, कारण आईच्या दुधातून आलेलं संरक्षण सुरुवातीच्या लसीला नीट काम करू देत नाही. म्हणून ‘झाली का?’ असं मी विचारत नाही, ‘किती झाल्या, शेवटची कधी?’ असं विचारते आणि कार्डाचा फोटो मागते.

नर की मादी हे विचारलं की लोकांना वाटतं आम्ही केसपेपरचा रकाना भरतोय. आपला पिल्लू अडीच वर्षांचा बोका, वजन साडेचार किलो, नसबंदीचं ऑपरेशन झालेला. ‘बोका’ हा शब्द तिने पहिल्या तपासणीतच दिला होता, आणि माझा एक कान तेव्हाच टवकारला होता. कारण पुढे येतं.

तिसरी तपासणी : आजाराचं नाव नको, दिसलं ते सांगा

इथे जरा वेळ द्यावा लागतो, कारण चूक इथेच सर्वात जास्त होते. लोक लक्षण सांगत नाहीत, आपण काढलेला निष्कर्ष सांगतात. ‘गॅस झालाय’, ‘उष्णता झालीये’, ‘घशात हाड अडकलंय’, ‘बद्धकोष्ठ आहे’. या प्रत्येकामागे कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असतं आणि आपल्याला हवं असतं ते पाहिलेलं.

उलटीचंच बघा. पोट आत ओढत, आवाज करत, जोर लावून बाहेर आलं तर ती उलटी. मान खाली घातली आणि न पचलेलं अन्न नळकांड्यासारखं तसंच पडलं, तर ते अन्ननळीतून परत आलेलं असतं, त्याचं कारण वेगळं. आणि कोरडा खोकला येऊन शेवटी थोडा पांढरा फेस पडला, तर ती उलटी नाही, खोकलाच आहे. तिन्हींना घरात ‘ओकला’ म्हणतात. म्हणून मी सांगते, शब्द राहू द्या, दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचा असा व्हिडिओ आला, ज्यात तो ओकायचा जोर करतोय पण काही बाहेर येत नाही आणि पोट ढोलासारखं फुगलंय, तर आमचे डॉक्टर जेवण टाकून उठतात. पोट पिळलं गेलेलं असू शकतं आणि तिथे वेळ तासांत मोजतात.

पिल्लूच्या बाबतीत मी विचारलं, ‘सुस्त म्हणजे काय करतोय? काय दिसतंय तेवढंच सांग.’

‘ताई, त्याला संडासला होत नाहीये. सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो. आजी म्हणाली कोठा जड झालाय.’

‘वाळू ओली होते का?’

बराच वेळ काही आलं नाही. मग, ‘बघते.’ मग, ‘नाही. एक थेंब आहे, गुलाबीसर.’

मांजर शी करताना आणि शू करताना बसतं जवळपास सारखंच. बघणाऱ्याला बद्धकोष्ठ वाटतं. पण बोक्याची लघवीची नळी टोकाकडे फार अरुंद असते. तिथे खडे किंवा चिकट स्रावाची गुठळी अडकली की लघवी पूर्ण बंद होते. मांजरीत नळी रुंद असते, तिथे असं क्वचित होतं. म्हणून नर-मादी विचारायचं. लघवी तुंबली की मूत्रपिंडातून बाहेर पडायचं ते रक्तात साठत जातं. त्यात पोटॅशियम वाढतं आणि ते वाढल्यावर हृदयाचे ठोके बिघडतात. ओकाऱ्या, थंड पडलेलं अंग, मग निपचित. पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो, आणि दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस आणलेला बराच अवघड झालेला असतो.

तिला मी एवढंच सांगितलं की पोट दाबून बघू नकोस. लिंबाएवढं टणक हाताला लागेल म्हणून लोक दाबतात, आणि ताणलेली लघवीची पिशवी फुटू शकते.

तिसऱ्या तपासणीत आणखी दोन गोष्टी घरी होतात. ओठ उचलून हिरडीचा रंग बघायचा. गुलाबी हवी. पांढरी, पिवळी, निळसर किंवा तपकिरी असेल तर तेच उत्तर आहे, निघा. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात खालच्या पापणीच्या आतला भाग बघायचा. दुसरं, झोपलेला असताना श्वास मोजायचे, मिनिटभर, घड्याळ लावून. कुत्र्या-मांजरात ते तीसच्या आत असतात. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल तर मोजत बसू नका. नाकाचा ओलेपणा बघून काही कळत नाही. निरोगी कुत्र्याचं नाकही दुपारी पंख्याखाली कोरडं असतं.

चौथी तपासणी : कधीपासून?

‘सकाळपासून’ या उत्तरावर माझा विश्वास नाही. खोटं बोलतात म्हणून नाही. आपल्या लक्षात आलं तेव्हापासून लोक मोजतात, सुरू झालं तेव्हापासून नाही. त्यामुळे प्रश्न उलटा विचारायचा : शेवटचं नीट कधी पाहिलं? शेवटचं पोटभर कधी जेवला, शेवटची शू कधी, आणि ती कुणी पाहिली? घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारायचं.

मुलीने सकाळपासून म्हणून लिहिलं होतं. मी म्हटलं, आजींना फोन दे. आजी म्हणाल्या, ‘अगं, काल मी सातची सांजवात लावत होते ना, तेव्हाच हा ट्रेमध्ये बसलेला. मी म्हटलं बसू दे. अर्ध्या तासाने बघते तर परत तिथंच.’ नऊ चाळीसचे पावणेदहा झाले होते. म्हणजे तेरा-चौदा तास नव्हे, सव्वीस तास उलटून गेले होते. सगळा हिशेब या एका वाक्याने बदलला. तोवर मी ‘आत्ता निघा’ म्हणणारच होते. यानंतर मी एका हाताने लिहीत दुसऱ्या फोनवरून डॉक्टरांना उठवलं.

पाचवी तपासणी : पोटात काय गेलं?

ही सर्वात अवघड, कारण इथे कुणालातरी कबुली द्यावी लागते. ‘नेहमीचंच खाल्लं’ हे उत्तर मी लिहूनही घेत नाही. तीन वेगळे प्रश्न विचारते : तुम्ही काय दिलं, त्याने स्वतः काय मिळवलं, आणि बरं वाटावं म्हणून काय पाजलं?

दुसऱ्या प्रश्नासाठी कचऱ्याचा डबा उलटा करावा लागतो, गच्ची बघावी लागते, शेजारी विचारावं लागतं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांद्याची भजी, साखर नसलेलं च्युइंगम, घरच्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या. पाकीट सापडलं तर त्यात किती होतं आणि किती उरलं हे मोजायचं.

उंदराच्या औषधाबद्दल सविस्तर लिहिते, कारण चौथी आणि पाचवी तपासणी तिथे एकमेकींत अडकतात. बाजारात केकसारख्या ज्या वड्या मिळतात, त्यातल्या बऱ्याच रक्त गोठू न देणाऱ्या असतात. कुत्र्याने वडी खाल्ली की त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही तो उड्या मारतो, आणि घरचे म्हणतात, पचवलं यानं. रक्त गोठवणारे घटक शरीरात थोडे शिल्लक असतात, ते संपेपर्यंत सगळं ठीक चालतं. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं, धाप लागते. तेव्हा निरोप येतो, ‘आजपासून सुस्त आहे, काही खाल्लं नाही.’ आज खाल्लं नाही हे खरंच असतं. म्हणून आम्ही आठवडाभर मागचं विचारतो. याला व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, तोही काही आठवडे द्यावा लागतो, आणि रक्तस्राव सुरू होण्याआधी दिला तर काम बरंच सोपं असतं. पण शेतात वापरतात ती काळी पूड, झिंक फॉस्फाईड, तिचं उलट. ती पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू करते आणि काही तासांतच होत्याचं नव्हतं होतं. तिला हा उतारा लागू नाही. असा कुत्रा गाडीत ओकला तर तो वायू माणसांनाही बाधतो, काचा खाली ठेवाव्या लागतात. दोन्हींना घरात ‘उंदराचं औषध’च म्हणतात. म्हणून वेष्टन आणा, फाटकं असलं तरी आणा.

तिसरा प्रश्न, काय पाजलं. सर्वात जास्त लपवलं जातं ते हेच. विष काढायला मिठाचं पाणी पाजतात, त्याने रक्तात मीठ वाढून झटके येतात. तोंड वर धरून दूध ओततात, ते श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो. मी ओरडत नाही, कारण ओरडलं की माणूस पुढचं सांगत नाही. ‘आम्हीही घरी असंच करायचो, काय पाजलंत तेवढं सांगा’ म्हटलं की कळतं.

आजींना मी असंच विचारलं. त्या थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘दुपारी एरंडेल दिलं गं चमचाभर. ओकला नंतर. मला वाटलं तेलानं ओकला.’ तेलाने ओकला असेलही. पण सव्वीस तास तुंबलेला बोका ओकतो तो रक्तात साठलेल्या घाणीनेही. दोन्ही कागदावर लिहिलं.

इथे थांबा, निघा

दहा वाजायच्या आत माझे प्रश्न संपले होते. पाचव्या तपासणीपर्यंत जायलाच हवं असं नाही. पुढच्यापैकी काहीही दिसलं तर प्रश्न तिथेच सोडायचे आणि डॉक्टरांकडे निघायचं, वाटेत फोन करायचा : बोका जोर करतोय आणि शू होत नाही, श्वास घ्यायला त्रास, हिरड्यांचा रंग बदललेला, झटके, किंवा उभं राहता न येणं, फुगलेलं पोट आणि कोरडे उमासे, लसी अपुऱ्या असलेल्या पिल्लाला रक्ताची शी, विष किंवा माणसाची गोळी पोटात गेल्याची नुसती शंका, मांजराने दोन दिवस काहीच न खाणं, कारण उपाशी मांजराचं यकृत चरबीने भरत जातं.

एक थांबा वेगळा आहे. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, आवाज बदललाय, वागणं बदललंय. याला घरात ‘हाड अडकलं’ म्हणतात आणि कुणीतरी हाड काढायला तोंडात हात घालतं. रेबीज असाच दिसू शकतो. हात घालू नका, खोलीचं दार लावून घ्या, डॉक्टरांना फोनवर हेच शब्द सांगा. लाळ जखमेला लागली असेल किंवा चावा असेल तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात लस सुरू करा. कुत्र्याच्या निदानाची वाट बघायची नाही.

पिल्लू दहा वीसला आला, भाजीच्या पिशवीत, तोंड बाहेर. अंग थंड लागत होतं. डॉक्टरांनी आधी शिरेत सुई लावली, हृदयाचे ठोके ऐकले, मग भूल देऊन बारीक नळी घालून लघवी मोकळी केली. पहिली वाटी भरली ती चहाच्या रंगाची होती. तीन रात्री तो आमच्याकडे होता. नळी काढल्यावर स्वतःच्या शूने वाळू ओली केली तेव्हाच घरी सोडला. एकदा तुंबलेला बोका पुन्हा तुंबू शकतो, हे आजींना दोनदा सांगितलं. कोरडं खाणं कमी करून ओलं दिलं, पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवली, आणि वाळूतले ओले गोळे रोज मोजायचं काम आजींनी स्वतःकडे घेतलं.

निघताना सोबत घ्यायचं ते असं : लसीचं कार्ड, गोळीची पट्टी किंवा औषधाचं वेष्टन, ओकारीचा किंवा शीचा फोटो, जमलं तर थोडी शी झाकणाच्या डबीत. अंथरूण धुऊ नका, आम्हाला त्यावरचा डाग बघायचा असतो. मांजराला पिशवीपेक्षा झाकणाची टोपली बरी. पावसाळ्यात रिक्षातून उडी मारून गटारात गेलेलं मांजर शोधत मी रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन फिरले आहे. आणि निरोप टाकायचाच असेल तर एवढा टाका : ‘बोका, अडीच वर्षं, साडेचार किलो. काल संध्याकाळी सातपासून ट्रेमध्ये बसतोय, शू नाही. दुपारी एरंडेल एक चमचा दिलं, एकदा ओकला. निघालोय.’ यातल्या शेवटच्या शब्दावर मी दवाखान्याचे दिवे लावते.